साठ प्रेक्षक, एक मदतनीस आणि बुद्धिबळाचा पट

प्रश्न: "मी यूट्यूबवर आठवड्यातून दोन संध्याकाळी मराठीतून लाइव्ह करते. एका वेळी साधारण साठ जण असतात, त्यात शाळकरी मुलेही बरीच. चॅट सांभाळायला फक्त माझा धाकटा भाऊ असतो. आतापर्यंत लढाईचे खेळ खेळले, पण लोक नुसते बघत बसतात, आणि मागच्या महिन्यात लॉबीतल्या गाण्यांमुळे दोन व्हिडिओंवर कॉपीराइटचा दावा आला. लोकांना खेळात घेता येईल, चॅट आवरेल आणि संगीताचा त्रास होणार नाही, असे खेळ कोणते?"

खेळांची नावे सांगण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण तिच्यावरूनच पुढची निवड ठरते. तुम्हाला हव्या असलेल्या गोष्टींपैकी पहिल्या दोन एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. प्रेक्षकांना खेळात जितके जास्त बोलू द्याल, तितके जास्त बोलणे कोणालातरी तपासावे लागते. म्हणून मी कोणताही खेळ निवडताना तो लोकप्रिय आहे का, हे नंतर पाहतो. प्रेक्षकाकडून माझ्या पडद्यावर नेमके काय येऊ शकते, हे आधी पाहतो. फक्त मत येत असेल, म्हणजे चारपैकी एक पर्याय, तर त्यात शिवी बसत नाही. ठरावीक नियमांतली चाल येत असेल तरी बसत नाही. मोकळे वाक्य येत असेल तर प्रत्येक वाक्य वाचावे लागते. चित्र येत असेल तर ते तपासणारी यंत्रणा म्हणजे तुमच्या भावाचे डोळे. आणि अनोळखी माणसाचा आवाज येत असेल, तर तो ऐकू येईपर्यंत काहीच करता येत नाही. लढाईच्या खेळांतल्या खुल्या माइकचा त्रास याच शेवटच्या प्रकारातला आहे. त्या माइकमधून शिवीही येते आणि मागे चाललेले गाणेही येते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुम्ही यूट्यूबवर आहात, त्यामुळे ट्विचच्या चॅटवर बेतलेले खेळ तुमच्यासाठी पहिल्या पसंतीचे ठरत नाहीत. उदाहरणार्थ मार्बल्स ऑन स्ट्रीम हा गोट्यांच्या शर्यतीचा खेळ. त्यात प्रेक्षक फक्त `!play` टाइप करतो आणि त्याच्या नावाची गोटी शर्यतीत उतरते. मॉडरेशनच्या दृष्टीने ही रचना उत्तम आहे, पण ती मुळात ट्विचसाठी घडवलेली आहे. दुसरी बाब भाषेची. तुमचे प्रेक्षक मराठी आहेत आणि त्यांत मुले आहेत, तेव्हा इंग्रजी विनोदांवर चालणारा खेळ त्यांना दूर ठेवील. तिसरी बाब साधनांची. तुमच्याकडे संगणक आहे आणि तुम्ही ओबीएसमधून प्रसारण करता, असे धरून मी पुढे लिहितो.

या परिस्थितीत माझी पहिली शिफारस बुद्धिबळाची आहे, आणि तीही लिचेस या संकेतस्थळावरच्या बुद्धिबळाची. २०१० मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेले हे संकेतस्थळ देणग्यांवर चालते, त्यावर जाहिराती नाहीत आणि त्याचा कोड खुला आहे. खेळाला पार्श्वसंगीत अजिबात नाही. मोहरे सरकल्याचे आणि घड्याळाचे बारीक आवाज असतात, आणि तेही सेटिंगमध्ये बंद करता येतात. प्रेक्षकाला बुद्धिबळात चौसष्ट घरांच्या बाहेर काही करताच येत नाही, म्हणून तपासायला जवळजवळ काही उरत नाही.

आता एक संध्याकाळ कशी चालवायची, ते तपशिलाने सांगतो. "प्रेक्षक विरुद्ध संगणक" हा प्रकार निवडावा. लिचेसवर स्टॉकफिश या इंजिनाच्या आठ पातळ्या मिळतात. पहिल्या दिवशी तिसरी किंवा चौथी पातळी घ्यावी आणि घड्याळ अमर्याद ठेवावे. संगणकच का, असे वाटेल. लिचेसच्या नियमांनुसार दुसऱ्या माणसाविरुद्धच्या डावात बाहेरून मदत घेणे ही फसवणूक आहे, आणि साठ जणांचा सल्ला ही उघडउघड बाहेरची मदत आहे. नवे स्ट्रीमर उत्साहात अनोळखी खेळाडूविरुद्ध चॅटला चाली विचारू लागतात आणि खाते गमावण्याची वेळ आणतात. संगणकाविरुद्धच्या डावात समोर कोणी फसवला जाणारा नसतो. एखाद्या मित्राला आधी सांगून, गुणांकन नसलेला डाव त्याच्याशी खेळायचा असेल, तर तेही चालते.

प्रेक्षक पांढरे घेतात असे समजा. पहिल्या तीन चालींना मतदान घेऊ नये. चॅटमध्ये जी चाल आधी दोघा-तिघांनी सुचवली, ती खेळावी आणि मोठ्याने सांगावी. खरे मतदान तिथून पुढे सुरू होते. एक नेहमी येणारी स्थिती घेऊ: `1. e4 e5 2. Nf3 Nc6 3. Bc4 Bc5`. दोन्ही बाजूंचे उंट समोरच्याच्या राजाजवळच्या दुबळ्या प्याद्यावर रोखलेले आहेत. इथे मी यूट्यूबच्या लाइव्ह चॅटमधला पोल उघडतो. त्यात दोन ते चार पर्याय देता येतात. मी `c3`, `d3`, `O-O` आणि `b4` असे चार लिहितो आणि लिहिता लिहिता मराठीत समजावतो: पहिल्या चालीने पटाच्या मध्यावर दोन प्यादी उभी करण्याची तयारी होते, दुसरी सावध आहे, तिसरीने राजा कॅसलिंग करून सुरक्षित कोपऱ्यात जातो, आणि चौथी म्हणजे एक प्यादे देऊन हल्ला मिळवण्याचा इव्हान्स गँबिट. ज्याला चालींची लिपी येत नाही, तोही "सावध की धाडसी" हे निवडू शकतो. मुलांना बहुतेक वेळा धाडसी हवे असते, आणि त्या निवडीचे परिणाम पुढच्या दहा चालींत त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतात. तुम्ही म्हणता की लोक नुसते बघत बसतात. माझ्या अनुभवात त्यावर सर्वांत चांगला लागू पडलेला उपाय हाच आहे. लोकांनी दिलेल्या मताचा परिणाम पुढे बराच वेळ पटावर राहिला पाहिजे.

वेळेचा हिशोब आधी करून ठेवावा, नाहीतर संध्याकाळ लांबते. यूट्यूबवर लो लेटन्सी ठेवल्यास बहुतेक प्रेक्षकांना चित्र दहा सेकंदांच्या आत पोहोचते, आणि अल्ट्रा लो ठेवल्यास पाच सेकंदांच्या आत. मी दहा धरतो. पर्याय लिहून समजावायला पंधरा सेकंद, चित्र पोहोचायला दहा आणि विचार करून मत द्यायला पंचवीस, म्हणजे एका मतदानाला पन्नास सेकंद लागतात. चाळीस चालींच्या डावात सुरुवातीच्या तीन चाली आणि ज्या चालींना दुसरा मार्गच नसतो त्या वगळल्या, तर साधारण पंचवीस मतदाने उरतात. ती एकवीस मिनिटांत होतात आणि तुमच्या बोलण्यासकट डाव चाळीस मिनिटांत संपतो. दोन तासांच्या प्रसारणात दोन डाव आणि मध्ये थोड्या गप्पा आरामात बसतात. अल्ट्रा लो लेटन्सीचा मोह मी टाळतो, कारण ज्या प्रेक्षकाचे इंटरनेट कमकुवत आहे त्याचे चित्र त्यात वारंवार अडकते, आणि गावाकडून बघणारी मुले नेमकी त्यामुळेच निघून जातात.

मतदानात बिघाड होतो तो खोडसाळ मतांमुळे. वजीर फुकट देणारी चाल यादीत असेल, तर काही जण मुद्दाम तिलाच मत देतात. ते ओळखणे सोपे असते. शेवटच्या पाच-सात सेकंदांत एकाच वाईट पर्यायाची टक्केवारी झपाट्याने चढते आणि चॅटमध्ये त्याच्या समर्थनार्थ एकही वाक्य नसते. यावर मी मतदान रद्द करत नाही, कारण एकदा रद्द केले की पुढच्या मताला किंमत उरत नाही. मी पर्यायांची यादी माझ्या हातात ठेवतो. चारही चाली खेळण्याजोग्या असतील, एवढीच काळजी घेतो, मग कोणतीही निवडली गेली तरी डाव जिवंत राहतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये ट्विचवर हजारो लोकांनी मिळून चॅटमधल्या आज्ञांनी पोकेमॉनचा खेळ चालवला, तेव्हाही हाच प्रश्न आला होता. प्रत्येकाची आज्ञा थेट लागू होत असताना पात्र तासन्‌तास एकाच जागी घुटमळत राही, म्हणून पुढे बहुमताने चाल ठरवण्याची पद्धतही आणावी लागली. तो खेळ सोळा दिवसांत पूर्ण झाला. साठ प्रेक्षकांच्या चॅटसाठी त्यातून घेण्याजोगी गोष्ट अशी की, थेट आज्ञेपेक्षा मर्यादित पर्यायांवरचे मतदान आटोक्यात राहते.

दुसऱ्या संध्याकाळी त्याच संकेतस्थळावर प्रेक्षकांची स्पर्धा ठेवता येते. लिचेसवर स्वतःचा संघ काढावा, प्रवेशासाठी विनंती आवश्यक ठेवावी आणि अरीना स्पर्धा फक्त त्या संघापुरती खुली करावी. तीन मिनिटे अधिक प्रत्येक चालीला दोन सेकंद, असे घड्याळ ठेवले तर एक डाव सरासरी सहा मिनिटांत संपतो. पंचेचाळीस मिनिटांच्या स्पर्धेत तुम्ही स्वतः सहा-सात प्रेक्षकांशी खेळता आणि बाकीचे त्याच वेळी आपसांत खेळत असतात. हरलेला लगेच पुढच्या डावाला बसतो, त्यामुळे कोणी रिकामा राहत नाही. इथे एक अडचण येते. तुमचा प्रतिस्पर्धी तुमचे प्रसारणही ऐकत असतो. पट त्याला तसाही दिसतोच, पण तुम्ही मोठ्याने विचार करत असाल तर तुमचा बेत त्याला आठ-दहा सेकंदांत कळतो. म्हणून स्पर्धेच्या डावात चाल खेळून झाल्यावरच ती समजावून सांगावी.

स्पर्धेत मॉडरेशनची एकच फट उरते, ती खेळाडूंच्या नावांची. प्रत्येक जोडीत समोरच्याचे नाव पडद्यावर येते. इंग्रजीतली अपशब्दांची नावे संकेतस्थळ बहुधा अडवते, परंतु रोमन लिपीत लिहिलेली मराठी शिवी परक्या मॉडरेटरला कळणार नाही. एकदा माझ्या स्पर्धेत असे नाव पूर्ण एक डाव पडद्यावर राहिले, आणि ते मला एका मुलीच्या आईने निरोप पाठवून कळवले. त्या दिवसापासून संघात येण्याची प्रत्येक विनंती मंजूर करण्याआधी मी नाव मोठ्याने वाचतो. मनात वाचताना अक्षरांच्या खेळात लपलेला शब्द निसटतो, उच्चारल्यावर तो लगेच ऐकू येतो. हे काम भावाला आदल्या दिवशी वीस मिनिटांत करता येईल. डाव चालू असताना झेन मोड लावावा. त्याने पटाभोवतीचा बराचसा मजकूर दिसेनासा होतो. संगणकाविरुद्धच्या संध्याकाळी तर खात्यावर किड मोड लावून ठेवावा, म्हणजे त्या संकेतस्थळावरचे सर्व प्रकारचे संभाषण तुमच्यासाठी बंद होते आणि पडद्यावर परका मजकूर येण्याचा प्रश्नच राहत नाही.

स्पर्धा म्हटली की कोणीतरी दहा रुपये प्रवेश फी आणि विजेत्याला बक्षीस, अशी सूचना करतोच. ती स्वीकारू नये. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे, आणि फी घेऊन ठेवलेली स्पर्धा त्याच्या कक्षेत जाऊ शकते. विजेत्याला पुढच्या संध्याकाळी पांढऱ्या बाजूची पहिली चाल ठरवण्याचा मान द्यावा. माझ्याकडे मुले त्यासाठी झटून खेळतात.

केवळ बुद्धिबळावर वर्षभर राहू नये, असे तुम्हाला वाटेल आणि ते रास्त आहे. दुसरा पर्याय म्हणून जॅकबॉक्सचे पार्टी पॅक विचारात घ्यावेत, मात्र थोड्या सावधपणे. खेळ तुम्ही एकटीने विकत घ्यायचा असतो. बाकीचे `jackbox.tv` उघडून चार अक्षरी कोड टाकतात आणि स्वतःच्या फोनवरून खेळतात. त्यांना काही बसवावे लागत नाही. बहुतेक खेळांत आठ खेळाडू असतात आणि उरलेले प्रेक्षक म्हणून मत देतात. हे सगळे ब्राउझरमधून चालत असल्यामुळे तुम्ही यूट्यूबवर आहात की आणखी कुठे, याने फरक पडत नाही. खेळातले संगीत बहुतांशी कंपनीने स्वतःच्या खेळांसाठी घडवलेले आहे आणि प्रसारणाला कंपनीची परवानगी आहे. म्हणून लॉबीतल्या चित्रपटगीतांसारखा प्रश्न इथे सहसा येत नाही.

मात्र या पॅकांमध्ये वर सांगितलेल्यांपैकी बरेच प्रकार एकत्र येतात, आणि तिथे नवखा माणूस चुकतो. क्विपलॅशमध्ये खेळाडू मोकळे वाक्य लिहितो, ड्रॉफुलमध्ये चित्र काढतो, तर तिसऱ्या पार्टी पॅकमधल्या गेस्पियोनाजमध्ये फक्त टक्केवारीचा अंदाज देतो. अमुक गोष्ट किती टक्के लोक करतात, असा प्रश्न येतो, एकजण आकडा लावतो आणि बाकीचे खरा आकडा त्याच्या वर की खाली, ते सांगतात. आकड्यात आक्षेपार्ह काही लिहिता येत नाही, म्हणून तुमच्या प्रेक्षकांसाठी मी याच खेळापासून सुरुवात करीन. प्रश्न इंग्रजीत आणि अमेरिकेतल्या लोकांविषयीचे असतात. ते तुम्हाला मराठीत वाचून दाखवावे लागतील आणि एखादा मुलांपुढे न वाचण्याजोगा निघाला तर तो आवरता घ्यावा लागेल, म्हणून हा खेळ एकदा घरच्यांबरोबर खेळून पाहिल्याशिवाय लाइव्हवर नेऊ नये. सेटिंगमध्ये वेळ वाढवून देण्याची सोय आहे, ती चालू ठेवावी. प्रेक्षकाच्या फोनवरचे बटण तत्काळ काम करते, पण प्रश्न त्याला तुमच्या प्रसारणात दहा सेकंद उशिरा दिसतो. ही सोय बंद राहिली तर अर्ध्या लोकांची वेळ प्रश्न दिसण्याआधीच संपते.

सेटिंगमधल्या कुटुंबासाठीच्या निवडीविषयीही एक गैरसमज आहे. ती लावली की सगळे सुरक्षित झाले, असे लोक धरून चालतात. प्रत्यक्षात ती मुख्यतः खेळाच्या स्वतःच्या प्रश्नांपुरती असते. खेळाडू काय लिहितो, त्याची हमी ती देत नाही, आणि रोमन लिपीतल्या मराठीची तर अजिबातच नाही. क्विपलॅश खेळायचाच असेल, तर अनेक नव्या पॅकमध्ये वेगळा मॉडरेटर बसवण्याची सोय आहे, ती वापरावी. प्रत्येक उत्तर मॉडरेटरने मंजूर केल्यावरच पडद्यावर येते. त्या संध्याकाळी भाऊ उत्तरे तपासण्यात गुंतलेला असेल आणि यूट्यूबचे चॅट मोकळे राहील, म्हणून चॅटसाठी दुसरा कोणी मिळेपर्यंत क्विपलॅश लांबच ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ड्रॉफुल मी मुलांच्या प्रेक्षकांपुढे घेतच नाही.

चॅटबद्दल थोडक्यात. स्लो मोड तीस सेकंदांवर ठेवावा, लिंक अडवाव्यात आणि संशयास्पद संदेश तपासणीसाठी रोखून ठेवण्याची सोय चालू करावी. अडवायच्या शब्दांची यादी मात्र मन लावून करावी लागते. एकेक शिवी देवनागरीत आणि रोमनमध्ये लोक जितक्या प्रकारे लिहितात तितक्या प्रकारे घालावी. शेवटचा स्वर एकदा, दोनदा, तीनदा, आणि मध्ये आकडा घालून. माझी यादी चाळीस शब्दांनी सुरू झाली आणि दर आठवड्याला निसटलेला शब्द घालत गेल्याने ती काही महिन्यांत पुरेशी घट्ट झाली. मुलांच्या चॅटमध्ये शिवीपेक्षाही मला चिंता असते ती फोन नंबरची. मुले एकमेकांना खेळण्यासाठी नंबर देतात. शब्दांची यादी तो पकडत नाही, तेव्हा दहा आकडी संख्या दिसताच संदेश काढण्याची सूचना भावाला आधीच देऊन ठेवावी.

आता संगीत. तुमच्या व्हिडिओंवर आले ते दावे आहेत, स्ट्राइक नव्हेत, हे आधी यूट्यूब स्टुडिओत तपासून खात्री करून घ्यावी. दाव्याने बहुधा जाहिरातीचे उत्पन्न जाते किंवा व्हिडिओ काही ठिकाणी अडवला जातो. स्ट्राइक गंभीर असते. नव्वद दिवसांत तीन झाल्या तर चॅनल बंद होऊ शकते, आणि चालू असलेले लाइव्ह कॉपीराइटमुळे काढले गेले तर सात दिवस लाइव्ह करता येत नाही. दावे आलेल्या दोन व्हिडिओंमधला गाण्याचा भाग स्टुडिओच्या संपादकातून मिटवता किंवा कापता येतो. तसे केले की दावा सुटतो.

पुढे त्रास होऊ नये म्हणून ध्वनीची मांडणी बदलावी. ओबीएसमध्ये संगणकाचा सगळा आवाज एकत्र घेणारा डेस्कटॉप ऑडिओ बंद करावा आणि विंडोजवर मिळणारा, एकाच प्रोग्रामचा आवाज घेणारा स्रोत वापरावा. खेळाचा एक, संगीताचा एक आणि माइकचा एक. यामुळे मागे चालू राहिलेला दुसरा प्रोग्राम किंवा कोणी पाठवलेले स्टेटस प्रसारणात शिरत नाही. बुद्धिबळाला संगीत नसल्याने दोन तास शांतता जड वाटते, तेव्हा यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतून आठ-दहा वाद्यसंगीताचे तुकडे उतरवून घ्यावेत. तिथे श्रेय देण्याची गरज नसलेले तुकडे वेगळे काढण्याची सोय आहे. तुमचा आवाज मीटरवर उणे पंधरा ते उणे दहाच्या दरम्यान असेल, तर संगीत उणे तीसच्या खाली ठेवावे. त्याहून वर गेले की फोनच्या स्पीकरवर शब्द बुडतात.

"रॉयल्टी फ्री" असे लिहिलेल्या संगीतावरही दावा येऊ शकतो, हे माझ्या बाबतीत घडले आहे. एका संकेतस्थळावरून मी रीतसर परवान्यासह घेतलेला तुकडा दुसऱ्या कोणीतरी स्वतःच्या गाण्यात वापरला आणि ते गाणे वितरकामार्फत कंटेंट आयडी या यूट्यूबच्या गाणी ओळखणाऱ्या यंत्रणेत नोंदवले. त्यामुळे यंत्रणेला माझाच व्हिडिओ नक्कल वाटला. माझ्याकडे परवान्याचे पान आणि उतरवल्याची तारीख जपलेली होती. ती जोडून हरकत घेतली आणि दावा मागे घेतला गेला. दावेदाराला उत्तरासाठी तीस दिवस असतात, म्हणून हा पुरावा ज्या दिवशी संगीत घ्याल त्याच दिवशी जपून ठेवावा.

आपल्याकडे आणखी एक प्रश्न हमखास येतो: अभंग किंवा आरती तर जुनी आहे, मग ती लावायला काय हरकत? तुकोबांच्या शब्दांवर कोणाचा मालकी हक्क नाही, हे खरे. पण आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे आहेत. चाल एखाद्या संगीतकाराची असू शकते, आणि ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रकाशित झाल्यापासून साठ वर्षे टिकतो. घरच्या कोणी परंपरागत चालीवर टाळ वाजवून म्हटलेली आरती मी निर्धास्तपणे लावीन, कंपनीची कॅसेट नाही.

आणि ज्या आवाजावर तुमचा ताबा नाही, तो म्हणजे खिडकीबाहेरचा. गणेशोत्सवात मंडळाच्या स्पीकरवरचे गाणे माइकमधून पुरेसे स्पष्ट गेले, तर कंटेंट आयडी ते ओळखते. त्या दहा दिवसांत मी माइक तोंडापासून चार बोटांवर आणतो, त्याचा गेन कमी करतो आणि बोलत नसताना माइक बंद करणारी कळ वापरतो. मग आदल्या संध्याकाळी, मंडळाचा स्पीकर चालू असतानाच, पंधरा मिनिटांचे अनलिस्टेड लाइव्ह करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओत त्या व्हिडिओसमोरच्या निर्बंधांच्या रकान्यात कॉपीराइट लिहिलेले दिसले, तर ते प्रसारण मंडळाची आरती आटोपल्यानंतरच्या वेळेवर ढकलतो.